सम कुठे येते? इंग्रजी कार्यक्रमपत्रिकेसाठी ताल, सम आणि आलाप

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात झालेल्या ख्यालगायनाच्या मैफलीत माझ्या शेजारी सातपूरच्या एका कारखान्यात काही महिन्यांसाठी आलेले एक जर्मन अभियंते बसले होते. त्यांच्या हातात आम्हीच छापलेली इंग्रजी पत्रिका होती आणि तिच्यात विलंबित एकतालापुढे मी स्वतः लिहिले होते, ‘बारा बीट्सचा ताल’. गायिकेने यमनची बंदिश सुरू केली, तबला लागला आणि हे गृहस्थ मांडीवर बोटांनी मोजू लागले. ते बारापर्यंत पोहोचले, काहीच घडले नाही, त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. असे चार वेळा झाल्यावर सभागृहातल्या दोनशे माना एकदम हलल्या, कोणी ‘वा’ म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत विचारले, “आता नेमके काय झाले?”

झाले होते ते एवढेच, की सम, म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, आली होती. मध्यंतरात मी हा प्रसंग तबलावादक मित्राला सांगितला, तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “अहो, बारा बीट्स तुम्हीच लिहिलेत ना? मग त्यांनी बाराच मोजले. चूक त्यांची नाही.”

ती चूक समजून घेतली, तर या संज्ञा इंग्रजीत समजावताना पाय कुठे घसरतो ते कळते. त्या संध्याकाळी विलंबित लय अशी होती की एका मात्रेला सुमारे चार सेकंद लागत होते, म्हणजे बारा मात्रांचे एक आवर्तन पूर्ण व्हायला जवळजवळ पाऊण मिनिट, हिशेबाने अठ्ठेचाळीस सेकंद. इतक्या संथ लयीत तबलावादक प्रत्येक मात्रा मनात चार भागांत मोजतो आणि मधल्या जागा हलक्या बोलांनी भरतो. इंग्रजीत ‘बीट’ म्हणजे ज्यावर पाय आपोआप ठेका धरतो ती गोष्ट, आणि चार सेकंदांच्या अंतराने कोणाचाही पाय ठेका धरत नाही. पाहुण्यांचा पाय साहजिकच त्या चार भागांवर, म्हणजे साधारण सेकंदाला एक, असा पडत होता. एका आवर्तनात असे अठ्ठेचाळीस ठोके होतात आणि अठ्ठेचाळीस म्हणजे चार वेळा बारा. त्यांचे मोजणे अचूक होते, माझा शब्द चुकीचा होता.

तेव्हापासून मी मात्रेसाठी ‘काउंट’ हा शब्द वापरतो आणि विलंबित रचनेपुढे आवर्तनाला लागणारा वेळ सेकंदांत लिहितो. ‘बारा काउंट्स, प्रत्येक सुमारे चार सेकंदांचा, म्हणून पूर्ण फेरीला पाऊण मिनिट’ एवढे एक वाक्य लिहिले, तरी श्रोत्याचा अर्धा गोंधळ संपतो, कारण आता आपण कशाची वाट पाहत आहोत आणि किती वेळ पाहायची आहे, हे त्याला माहीत असते. लय कलाकारागणिक बदलते, म्हणून ‘सुमारे’ हा शब्द मात्र गाळू नये. उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्या गायकाचा चौदा मात्रांचा विलंबित झुमरा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना मात्रा किती लांबू शकते हे वेगळे सांगायला नको.

बहुतेक पत्रिकांत संज्ञा वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे आलाप पहिला, सम मध्ये कुठेतरी आणि ताल शेवटी. माझ्या मते सुरुवात समेपासून करावी, कारण ताल कळतो तो सम पुन्हा येते म्हणून, आणि आलाप समजावताना सम आहे की नाही हाच मुख्य फरक ठरतो. त्याआधी उच्चाराचे एक काम उरकून घ्यावे लागते. एस, ए, एम अशी तीन अक्षरे इंग्रजी वाचकासमोर ठेवली की तो ‘सॅम’ असे वाचतो, आणि ‘सॅमवर येणे’ ही कल्पना डोक्यात बसली की पुढचे सगळे गांभीर्य संपते. उपाय मात्र सोपा आहे, कारण इंग्रजीत बेरजेला जो शब्द आहे त्याचा उच्चार आपल्या समेसारखाच होतो, तेव्हा ‘त्या शब्दासारखे म्हणा’ एवढे लिहिले की पुरते. आलापाचेही तसेच आहे. एका ‘ए’ने सुरू होणारे त्याचे स्पेलिंग पुष्कळ जण ‘अ लॅप’ असे वाचतात आणि मांडीचा संगीताशी संबंध काय, अशा विचारात पडतात, म्हणून सुरुवातीला दोन ‘ए’ असलेले बरे. पत्रिकेत एकदा निवडलेले स्पेलिंग शेवटपर्यंत बदलू नये. एका पानावर ‘ताल’ आणि दुसऱ्यावर ‘ताला’ वाचले तर या दोन निराळ्या वस्तू आहेत, असे परक्या वाचकाला खरोखरच वाटते.

आता समेचा अर्थ. तयार इंग्रजी प्रतिशब्द म्हणून ‘डाउनबीट’ पुढे येतो आणि तो दिसतोही बरोबर, कारण तोही चक्रातला पहिलाच ठोका असतो. पण पाश्चात्त्य संगीतात डाउनबीट दर तीन-चार ठोक्यांनी येतो, त्याची कोणी वाट पाहत नाही आणि तो आला म्हणून कोणी मान हलवत नाही. सम ही पहिली मात्रा असली तरी कानाला ती शेवटासारखी लागते. आधीची सगळी वाक्ये तिच्याकडे चालत येतात, तिथे टेकतात आणि त्याच क्षणी पुढची फेरी सुरू होते. म्हणूनच आपण मराठीत ‘समेवर येणे’ म्हणतो, ‘समेपासून निघणे’ असे सहसा म्हणत नाही. इंग्रजीत ‘स्टार्टिंग पॉइंट’ लिहिले तर या अनुभवाची निम्मी बाजू गळते. ‘पहिला काउंट, आणि जिथे संगीत पुन्हा पुन्हा येऊन पोहोचते ते ठिकाण’ असे लिहिल्यास शब्द थोडे वाढतात, पण खोटे काही राहत नाही.

‘स्टार्टिंग पॉइंट’ लिहिण्यात आणखी एक प्रत्यक्ष अडचण आहे. गाण्याचा पहिला शब्द जिथे पडतो तीच पहिली मात्रा, असे ज्याला कोणी काही सांगितलेले नाही तो श्रोता गृहीत धरतो. आपल्याकडे मात्र तीनतालातल्या पुष्कळ मध्यलय बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळीऐवजी हात उघडतात त्या ‘खाली’पासून उठतात आणि ओळीच्या मध्यावरच्या एखाद्या वजनदार अक्षरावर सम येते. विलंबित एकतालात तर मुखडा बहुधा शेवटच्या एक-दोन मात्रांत सुरू होतो. आमच्या पाहुण्यांसारखा माणूस पहिल्या शब्दाला ‘एक’ म्हणू लागला, तर तीनतालात तो पूर्ण आठ मात्रांनी चुकतो आणि मग टाळ्या, खाली, तिहाई यांपैकी काहीच त्याच्या हिशेबात बसत नाही. म्हणून समेच्या नोंदीतच मुखड्याचे एक वाक्य हवे, की गायक तीच एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि त्या ओळीतल्या ज्या अक्षरावर तबल्याचा ठोका आणि श्रोत्यांची मान एकत्र येतात, ती सम.

सम म्हणजे ‘सर्वांत जोरदार ठोका’ असेही पुष्कळदा लिहिले जाते, आणि त्याच संध्याकाळी रूपक तालातली एखादी रचना असेल तर ते वाक्य पहिल्या फेरीतच खोटे पडते. रूपकाच्या सात मात्रा ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’ अशा वाजतात. तिथे सम हीच खाली असते, डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा, घुमारा समेवर नसतोच आणि तो चौथ्या मात्रेवर पहिल्यांदा ऐकू येतो. जोर शोधणारा श्रोता रूपकात चौथ्या मात्रेलाच सम समजून बसतो. सम ही जोरावर ठरत नाही, सगळ्यांचे तिथे एकमत होते म्हणून ती सम असते.

तरीही विलंबितात अनभ्यस्त श्रोत्याने सम ओळखावी कशी, हा प्रश्न उरतोच, आणि पत्रिकेने त्याला पकडायला काहीतरी दिले पाहिजे. एकतालाच्या ठेक्यात अशी एक सोय आहे, जी मला त्या तबलावादक मित्राने मध्यंतरातच मांडीवर वाजवून दाखवली. ठेका असा आहे:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

यात ‘तिरकिट’ हा चार आघातांचा बोल दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. बाकीच्या बोलांपेक्षा तो इतका वेगळा वाजतो की नवख्या कानालाही तो ओळखता येतो. पहिल्या ‘तिरकिट’नंतर ‘तू ना’ येते, ज्यात डग्गा घुमत नाही, आणि दुसऱ्यानंतर ‘धी ना’ येते, ज्यात तो घुमतो. तेव्हा ‘तिरकिट’ ऐकू आल्यावर लगेच डग्गा घुमला तर समजावे की आता अकरावी मात्रा चालू आहे आणि सम दोन मात्रांवर, म्हणजे आपल्या लयीत आठ सेकंदांवर आली आहे. याच सुमारास गायक मुखड्याकडे वळतो, त्यामुळे दोन खुणा एकमेकींना दुजोरा देतात. तबलावादकाने त्या दिवशी फार भरणा केला तर ही खूण थोडी झाकली जाते, पण साथ नीट असेल तर ठेक्याचा हा सांगाडा ऐकू येतोच.

ताल या शब्दासाठी ‘रिदम’ लिहिण्याचा मोह मी बरीच वर्षे केला. इंग्रजीत रिदम म्हणजे ठोक्यांची कोणतीही मांडणी, मग ती पावसाची असो की आगगाडीची. ताल ही त्याहून नेमकी वस्तू आहे. मात्रांची संख्या ठरलेली, तिचे विभाग ठरलेले, कोणत्या विभागावर टाळी आणि कोणत्यावर खाली तेही ठरलेले, आणि ही संपूर्ण फेरी न थांबता पुन्हा पुन्हा फिरत राहते. म्हणून ‘रिदमिक सायकल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे आणि तो योग्यच आहे, फक्त त्याच्यापुढे एक उदाहरण हवे. उदाहरण म्हणून मी नेहमी तीनताल घेतो, कारण तो मैफलीत हमखास येतो आणि हाताने करून पाहता येतो. सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर टाळीऐवजी तळवा बाजूला उघडणे. तीन टाळ्या म्हणून तीनताल, हे सांगितले की परक्या श्रोत्याच्या चेहऱ्यावर चटकन ओळख उमटते, कारण नाव आणि वस्तू यांची गाठ त्याच्या हातातच पडते.

‘खाली’चे भाषांतर ‘एम्प्टी’ करू नये. ते वाचून श्रोता तिथे शांततेची वाट पाहतो आणि तबला तर वाजतच असतो. रिकामा असतो तो डग्गा. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी हाताने मोजणाऱ्यांच्याही लक्षात अनेकदा येत नाही. तीनतालाचा नेहमीचा ठेका पाहा:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

खालीचा हात नवव्या मात्रेवर उघडतो, पण या ठेक्यात नववा बोल ‘धा’च आहे आणि त्यात डग्गा आहे. डग्गा खरोखर गप्प होतो तो दहाव्यापासून, ‘तिं तिं ता ता’ या चार मात्रांत, आणि चौदाव्या मात्रेवर परत येतो. म्हणजे हात आणि कान यांच्यात एका मात्रेचे अंतर पडते. पत्रिकेत एवढा खुलासा करायची गरज नाही, पण ‘नवव्या काउंटवर खालचा आवाज थांबतो’ असे ठामपणे लिहिले, तर लक्षपूर्वक ऐकणारा श्रोताच गोंधळतो. ‘फेरीच्या मध्यानंतर खालचा घुमणारा आवाज काही काळ नाहीसा होतो, आणि तो परतला की सम जवळ आली’ हे वाक्य खरेही आहे आणि उपयोगीही, कारण चौदाव्या मात्रेपासून समेपर्यंत तीनच मात्रा उरतात.

काही आयोजकांना ताल आकृतीत छापण्याची हौस असते. तिथे चिन्हांचा एक सापळा आहे. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत समेला गुणाकाराची खूण आणि खालीला शून्य असते, तर पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकाची खूण असते. छपाईत गुणाकाराची खूण जरा तिरकी झाली की अधिकासारखी दिसते आणि एका पद्धतीची सम दुसऱ्या पद्धतीची खाली होऊन बसते. विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम काढून राहिले, त्यामुळे इथल्या जुन्या वह्यांत त्यांची चिन्हे आणि आजच्या पाठ्यपुस्तकांत भातखंड्यांची, अशी सरमिसळ मी पाहिलेली आहे. इंग्रजी पत्रिकेत चिन्हे टाळून साधे आकडे आणि ‘क्लॅप’, ‘वेव्ह’ एवढे दोन शब्द वापरावेत.

आणखी एक बाजू माझ्या लक्षात नव्हती, ती एका तमिळ कुटुंबामुळे आली. इंग्रजी पत्रिका परदेशी पाहुण्यांसाठी असते असे आपण धरतो, पण नाशिकमध्ये ती वाचणाऱ्यांत कर्नाटक संगीत जाणणारे लोकही असतात. त्यांच्याकडे गायक आणि श्रोते हाताने उघडपणे ताल धरतात, कारण मृदंगावर असा ठरलेला ठेका सतत वाजत नाही. आपल्याकडे ठेकाच फेरी सांगत राहतो, म्हणून हात मोकळे राहतात आणि फक्त समेला मान हलते. ‘इथे कोणी ताल का धरत नाही?’ हा त्यांचा प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. पत्रिकेत ‘तबला ही फेरी सतत वाजवून दाखवतो’ हे वाक्य तेव्हापासून आले.

सम ऐकू येऊ लागली की तिहाई आपोआप कळते, आणि श्रोत्याला पहिला खरा आनंद बहुधा तिथेच मिळतो, म्हणून मी तिला दोन ओळी देतो. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल बरोबर समेवर आणायचा, ही व्याख्या सगळीकडे असते. पण ती कशी बसते हे एकदा आकड्यांत पाहिले की विसरत नाही. तबल्याच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवली जाणारी तीनतालातली तिहाई घेऊ:

तिट कत गदि गन धा, तिट कत गदि गन धा, तिट कत गदि गन धा

तुकडा पाच मात्रांचा आहे आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एका मात्रेचा दम आहे. समेपासून सुरुवात केली तर पहिला ‘धा’ पाचव्या मात्रेवर येतो, सहावी मात्रा रिकामी जाते, सातव्यापासून दुसरा तुकडा आणि त्याचा ‘धा’ अकराव्यावर, बारावी रिकामी, तेराव्यापासून तिसरा तुकडा आणि त्याचा ‘धा’ सतराव्या मात्रेवर. सोळा मात्रांच्या फेरीत सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. पाच त्रिक पंधरा आणि मधले दोन दम मिळून सतरा, असा हा सरळ हिशेब आहे. दम विसरला तर शेवटचा ‘धा’ पंधराव्यावरच पडतो आणि तिहाई दोन मात्रा आधी संपते. अशी चूक मंचावर झाली तर ज्याला तालाचे काहीच ठाऊक नाही त्यालाही काहीतरी निसटल्यासारखे वाटते, कारण ठेका पुढे चालूच असतो आणि धडक बसायला समोर कोणी नसते. श्रोत्याने मात्र मोजत बसू नये. एकच तुकडा दुसऱ्यांदा आला की तिसरा येणार आणि त्याच्या टोकाला सम आहे, एवढे कळले म्हणजे झाले.

आता आलाप. पत्रिकेतला सर्वांत घातक शब्द इथेच येतो, तो म्हणजे ‘इंट्रोडक्शन’. आमच्या जुन्या पत्रिकेत तो होता आणि त्याचा परिणाम मी एका सतारवादनाच्या वेळी डोळ्यांनी पाहिला. वादकाने अर्ध्या तासाहून अधिक वेळ आलाप आणि त्याचे पुढचे टप्पे ‘जोड’ व ‘झाला’ वाजवले, आणि इंग्रजी पत्रिका हातात असलेले काही जण निवांतपणे बाहेर चहा घेत उभे राहिले. प्रस्तावना चालू आहे, मुख्य कार्यक्रम तबला आल्यावर सुरू होईल, अशी त्यांची समजूत होती आणि ती आमच्याच छापील शब्दावर उभी होती. ध्रुपदात आणि वाद्यसंगीतात रागाचे सर्वांत सविस्तर आणि जबाबदारीचे काम आलापातच होते. ती प्रस्तावना असेल, तर ग्रंथापेक्षा मोठी प्रस्तावना म्हणावी लागेल.

या शब्दाऐवजी काय लिहावे? ‘अनमेझर्ड’ असे एक विशेषण सर्रास वापरतात. ते ध्रुपद आणि सतारीच्या आलापाला लागू पडते, कारण तिथे ताल नाही, फेरी नाही आणि म्हणून समही नाही. जोडात ठोका स्पष्ट होतो, झाल्यात तो धावू लागतो, तरीही मोजायची फेरी नसतेच. पण ख्यालगायनात हेच विशेषण श्रोत्याला फसवते. ख्यालगायक सुरुवातीला काही मिनिटे, कधी जेमतेम एखादे मिनिट, तबल्याशिवाय राग मांडतो, मग मुखडा म्हणतो, आणि मुखडा समेवर येतो तिथे तबल्याचा पहिला ‘धिं’ पडतो. पत्रिका वाचणाऱ्याला वाटते, आलाप संपला. प्रत्यक्षात गायक पुढचा बराच वेळ जे करणार असतो, त्यालाही आपण आलापच म्हणतो, आणि तो सगळा ठेक्याच्या सोबत चालतो. विशेषतः किराणा घराण्याच्या गायकीत रागाची बढत अशीच, स्वर स्वर करत, विलंबित ठेक्यावर होते.

त्या दिवशीचा यमनच घ्या. तबला लागल्यानंतर गायिका खालच्या निषादाभोवती आणि षड्जाभोवती दोन-तीन आवर्तने फिरत राहिल्या. नंतर निषाद, ऋषभ, गंधार अशी चढण करून गंधारावर थांबल्या, आणि यमनात गंधार हाच वादी असल्यामुळे तिथे बराच वेळ राहिल्या. त्यानंतर तीव्र मध्यम आणि पंचम आले, मग धैवत आणि वरचा निषाद, आणि तार षड्जाला प्रत्यक्ष स्पर्श होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेली. या प्रत्येक आवर्तनातली पहिली चाळीसेक सेकंदे त्यांचे स्वर मात्रांना बांधलेले नव्हते, ते ठेक्यावरून मोकळे वाहत होते, आणि शेवटच्या सात-आठ सेकंदांत त्या मुखडा पकडून समेवर येत होत्या. पाहुण्यांनी बोटांनी मोजायचा प्रयत्न केला तो या मोकळ्या भागात, जिथे गाणाऱ्या स्वतःही बोटे मोडत नव्हत्या. तालात राहून तालापासून मोकळे असणे आणि वेळेवर परतणे, हे ख्यालातल्या आलापाचे स्वरूप आहे, आणि ‘ताल नसलेला भाग’ या शब्दांत ते कुठेच बसत नाही.

म्हणून आलापाच्या नोंदीत मी आता दोन वाक्ये स्वतंत्र ठेवतो. पहिले असे, की आलाप म्हणजे राग स्वरास्वराने सावकाश उलगडणे, आणि तो आधी लिहिलेला नसून रागाच्या नियमांत राहून त्या वेळीच रचला जातो. ‘इम्प्रोव्हायझेशन’ हा शब्द मी एकटा सोडत नाही, कारण नियमांचा उल्लेख नसेल तर वाटेल ते गाता येते असा त्याचा अर्थ घेतला जातो. दुसरे वाक्य असे, की ध्रुपदात आणि सतार-सरोदवर हा भाग तबल्या-पखवाजाविना चालतो, तर ख्यालात त्याचा मोठा भाग तबल्याच्या संथ फेरीबरोबर चालतो आणि दर फेरीच्या शेवटी समेवर टेकतो. शिवाय ‘कोणता स्वर नव्याने आला ते ऐका’ अशी एक सूचना जोडतो. ज्याला स्वरांची नावे माहीत नाहीत, त्यालाही आवाज आता पूर्वीपेक्षा वर जाऊन थांबला, हे कळते, आणि तार षड्ज आला की सभागृह का सैलावते तेही कळते.

हा सगळा मजकूर इंग्रजीत दीडशे-दोनशे शब्दांत बसला पाहिजे, कारण दुमडलेल्या कागदाच्या आतल्या एका पानापेक्षा जास्त कोणी वाचत नाही आणि सभागृहातले दिवे मंद झाल्यावर तर काहीच वाचता येत नाही. त्यामुळे गमक, मींड, बोलतान, लयकारी यांना मी हात लावत नाही. मजकूर झाला की तो एखाद्या जाणकाराला दाखवण्याआधी गाणे न ऐकणाऱ्या माणसाला वाचायला देतो, आणि तीनतालाची एखादी ध्वनिफीत लावून ‘यात सम कुठे आहे, बोट उचला’ म्हणतो. पाच-सहा फेऱ्यांत बोट योग्य ठिकाणी उचलले गेले नाही, तर मजकुरातले एखादे वाक्य कमी आहे किंवा एखादे जास्त आहे असे समजतो. जाणकार मंडळी व्याख्येतली त्रुटी दाखवतात, पण ती वाक्ये उपयोगी पडतात की नाही हे त्यांना सांगता येत नाही, कारण त्यांना सम आधीपासूनच ऐकू येत असते.

एक अडचण मात्र मजकूर कितीही नीट लिहिला तरी सुटत नाही. पत्रिका छापायला चार दिवस आधी द्यावी लागते आणि कलाकार राग ठरवतो तो बहुधा तानपुरे लावताना. आम्ही एकदा पत्रिकेत यमन आणि एकताल छापले होते आणि मंचावर पूरिया कल्याण आणि झुमरा आले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी बारा मोजत चौदा मात्रांच्या तालाशी बराच वेळ झुंज दिली. आता आम्ही उदाहरणासाठी तीनताल आणि एकताल तसेच ठेवतो, पण कार्यक्रमाच्या जागी रचनेपुढे दोन रिकाम्या ओळी सोडतो, एक रागासाठी आणि एक तालासाठी. निवेदक नावे सांगतो, मात्रांची संख्या आणि लय विलंबित असेल तर आवर्तनाचा अंदाजे वेळ सांगतो, आणि दारात प्रत्येकाला पत्रिकेसोबत एक छोटी पेन्सिल दिली जाते.